धातू आणि साचा : सरावपत्रक 4

अरबी, नवशिक्यांचा वर्ग. वेळ 40 मिनिटे. उत्तरे खाली आहेत, पण आधी वहीत लिहा आणि मगच बघा. इथे सोयीसाठी देवनागरी वापरली आहे. वहीत अरबी अक्षरेच हवीत.

बहुतेक अरबी शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनांचा धातू असतो. क-त-ब आले की लिहिण्याचा विषय आला. पुढचे काम साच्याचे:

कतब – त्याने लिहिले
यक्तुबु – तो लिहितो
कातिब – लिहिणारा
मक्तूब – लिहिलेले
मक्तब – लिहिण्याची जागा; आज कार्यालय किंवा टेबल

यक्तुबुमधल्या 'तु'चा 'उ' प्रत्येक धातूला लागत नाही, तो कोशात पाहावा लागतो. म्हणून वर्तमानकाळ आज नाही.

प्रश्न 1. द-ख-ल (आत जाणे) आणि ख-र-ज (बाहेर पडणे) यांची कातिब आणि मक्तब या साच्यांतली रूपे लिहा. आखातात राहिलेल्यांना दोन रूपे दारांवरच्या पाट्यांमुळे पाठ असतील.

प्रश्न 2. द-र-स म्हणजे शिकणे. मधले व्यंजन दुहेरी केले की दर्रस, म्हणजे शिकवले; त्याचे नाम तद्रीस. आता ह-स-ल (हाती येणे) घ्या आणि कातिब, मक्तूब, तद्रीस या तिन्ही साच्यांत बसवा. तिन्ही शब्द तालुक्याच्या कचेरीत ऐकलेले आहेत.

प्रश्न 3. खुब्ज म्हणजे पाव, खब्बाज म्हणजे पाव भाजणारा. मधले व्यंजन दुहेरी, पुढे आ: हा धंद्याचा साचा. त-ब-ख (शिजवणे) आणि ह-म-ल (वाहून नेणे) यांवरून धंदेवाईक सांगा. मग याच साच्यातले आणखी दोन मराठी शब्द शोधा. मराठीने दुहेरी अक्षर बऱ्याचदा एकेरी केले आहे, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न 4. मालिक, मम्लूक, मुल्क. धातू कोणता? घाई नको.

उत्तरे

1. दाखिल, मद्खल (प्रवेशद्वार). खारिज, मख्रज (बाहेर जायची वाट).

2. हासिल, महसूल, तहसील. अरबीत महसूल म्हणजे पीक, उत्पन्न. आपण त्यावरच्या साऱ्याला महसूल म्हणू लागलो. तहसील म्हणजे वसुली. तहसीलदारातला 'दार' फारसी आहे, तो धातूत कोंबू नका.

3. तब्बाख, हम्माल. मराठीत हमाल, सराफ (सर्राफ), दलाल (दल्लाल), हजाम (हज्जाम). कोणतेही दोन चालतील. त-ब-खचा मक्तब साच्यातला शब्द मत्बख, म्हणजे स्वयंपाकघर. आपला मुदपाकखाना त्याचाच.

4. म-ल-क. म दिसला की उपसर्ग समजून खोडायची सवय इथे नडते: मालिकमधला म धातूचाच आहे. मम्लूकमध्ये दोन म आहेत, पहिला साच्याचा, दुसरा धातूचा. अर्थ अनुक्रमे धनी, मालकीचा (म्हणून गुलाम), आणि राज्यसत्ता. मराठी मुलूखही इथलाच.