रविवारच्या सामन्याची बचावरचना (चित्र उघडत नाही, चौकटीत लिहून दिली आहे)

पोरांनो, गुरुवारी गटावर टाकलेलं मांडणीचं चित्र आता कुणाच्याच फोनवर उघडत नाही. मूळ कागदही हाताशी नाही. म्हणून तीच रचना चौकटीत लिहितोय. ज्यांनी चित्र आठवून डोक्यात काही पक्कं केलंय, त्यांनी ते सोडून हेच धरा. चित्रात डावं-उजवं कुणाच्या बाजूने, हे लिहिलेलं नव्हतं आणि सरावात त्यावरूनच दोघं एकाच जागी उभे राहिले होते.

डावं-उजवं आपलं, म्हणजे मध्यरेषेकडे तोंड करून उभं राहिल्यावरचं. समोरून येणाऱ्या चढाईपटूचा डावा हात आपल्या उजव्या कोपऱ्याकडे असतो.

आपलं अर्धं मैदान 6.5 मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंचं एकेक मीटर राखीव क्षेत्र सोडलं की रुंदी 8 मीटर उरते. डावीकडून उजवीकडे अ ते ह, प्रत्येक रकाना 1 मीटर. मध्यरेषेपासून मागे 1 ते 7 ओळी, त्याही 1 मीटरच्या, फक्त सातवी अर्ध्या मीटरची. निदानरेषा 3.75 वर, म्हणजे ओळ 4 मध्ये. बोनस रेषा 4.75 वर, ओळ 5 मध्ये.

```
   अ ब क ड इ फ ग ह
1  . . . . . . . .
2  . . . . . . . .
3  . . . . . . . .
4  . . . . . . . .
5  ● . . . . . . ●
6  . ● . ● ● ● ● .
7  . . . . . . . .
```

डावा कोपरा अ5, डावा इन ब6, डावा कव्हर ड6, मध्य इ6, उजवा कव्हर फ6, उजवा इन ग6, उजवा कोपरा ह5. साखळी 2-3-2: कोपरा-इन, मधले तिघं, इन-कोपरा. फोनवर ठिपके तिरके दिसले तर अक्षर-आकडाच खरा माना.

दोन्ही कोपऱ्यांच्या टाचा बोनस रेषेला लागून. ओळ 6 मधल्यांची बोटं 5.5 मीटरवर, म्हणजे अंतिम रेषेपर्यंत मागे 1 मीटर शिल्लक. ओळ 7 मध्ये कुणी उभं राहायचं नाही. तिथून एक पाऊल मागे गेलं की चढाईपटूने हात न लावताच गडी बाद.

रकाना क मुद्दाम मोकळा आहे. त्यांचा मुख्य चढाईपटू बोनस आपल्या उजव्या कोपऱ्याकडे घेतो, म्हणून मधली साखळी अर्धा मीटर उजवीकडे सरकवली आहे. मोकळ्या क ची जबाबदारी डाव्या इनची. चढाईपटू तिथे घुसला तर इनने कोपऱ्याचा हात सोडायचा नाही, दोघांनी मिळून बंद करायचं. एकटा इन पुढे गेला की अ आणि ब दोन्ही उघडे पडतात.

चढाईपटू ग-ह कडे आला की उजवा कोपरा ह6 ला मागे येतो आणि घोट्यावर नजर ठेवतो. पकड कोपऱ्यानेच सुरू करायची. त्याचा हात पायाला लागला की उजव्या कव्हरने छातीने अडवायचं. डावी जोडी नुसती बघत उभी राहत नाही: डावा इन तिरका ड4 कडे धावतो, परतीची वाट तिथेच तुटते. हे उशिरा झालं तर लांब पायाचा गडी पकडीतूनही मध्यरेषेला बोट लावतो, आणि धरलेले सगळे बाद होतात. अंगाला अंग लागल्यावर राखीव क्षेत्रही खेळात येतं, तेव्हा बाजूच्या रेषेवर थांबू नका, पुढेपर्यंत रेटा.

पाच उरले की बोनस नसतो, तो सहा किंवा जास्त गडी असतानाच. मग कोपऱ्यांना पुढे थांबायचं कारण नाही: अ6, ब6, इ6, ग6, ह6. चढाईपटूला निदानरेषा ओलांडावीच लागते, त्याला खोल येऊ द्या.

तीन उरले की अ6, इ6, ह6. इथे पकडीला जादा एक गुण आहे, पण घाईने उडी मारली तर लोना जवळ येतो. पहिली हालचाल मध्यची नाही, ज्या कोपऱ्याकडे चढाई आहे त्याची.

शनिवारी सातला गल्लीत सराव. तिथे 8 मीटर रुंदी मिळत नाही, पण खोली मिळते. सुतळी 6.5 मीटर कापून आणा, 3.75 आणि 4.75 वर गाठी मारा, चुन्याने रेषा ओढू. रुंदी कमी म्हणून इ आणि फ एकच धरायचे, मध्य आणि उजवा कव्हर खांद्याला खांदा. रविवारी मॅटवर पोचलं की पहिल्यांदा प्रत्येकाने आपापल्या चौकटीत उभं राहून मागच्या रेषेपर्यंत पावलं मोजायची.

ज्याला आपली जागा कळली, त्याने खाली फक्त अक्षर-आकडा लिहा. सातही उत्तरं आज रात्रीपर्यंत हवीत. दोघांचं एकच आलं तर लगेच फोन करतो.