नऊच्या आत

सकाळी सव्वासहाला रोबोटिक ग्रिपरचं थ्रीडी प्रिंट केलेलं बोट मोडलं. शेवटचं एकदा चालवून बघू म्हणून रेवतीने सर्वो फिरवला आणि कटकन आवाज आला, बोट मुळाशी तुटून गादीवर पडलं. सबमिशन नऊला. नऊनंतर लॅबचं दार बंद, हे सरांनी आधीच बजावून ठेवलेलं.

जुईने तुकडा लाइटखाली धरला. तुटलेली जागा एकदम सपाट, सुरीने कापल्यासारखी. "लेयरवरून गेलंय गं हे. उभं प्रिंट केलं होतं ना आपण, मग जोर आडवा आला की लेयर सुटणारच."

"कारण नंतर बघू, आधी पुन्हा लाव."

रेवतीने लॅपटॉप उघडून तीच फाइल स्लाइस केली. प्रिंटला दोन तास पंचावन्न मिनिटं. म्हणजे आत्ता, या सेकंदाला सुरू केलं तरी नऊ वाजून जाणार, आणि वर्कशॉप उघडायलाही तितकाच वेळ, त्यामुळे पास आउट झालेल्या सिनियर ताईने रूममध्ये सोडून दिलेला हा जुना प्रिंटर सोडला तर दुसरा उपायच नाही.

"स्पीड वाढवते," रेवती म्हणाली, "दुप्पट करते सरळ."

"नको. दात खराब येतील. गिअरचे दात नीट बसले नाहीत तर बोट बंदच होणार नाही, मग वेळेत पोचून तरी काय दाखवणार?"

"मग काय करू मी, सांग ना!" रेवतीचा आवाज चढला. जुई काही बोलली नाही, लॅपटॉप स्वतःकडे ओढून मॉडेल फिरवत बसली. बोटाच्या एका बाजूला खुंटी होती, लिंक अडकवायला, आणि दुसरीकडे गिअरचा उंचवटा. त्या दोन्हींमुळे ते आडवं टेकतच नव्हतं, म्हणून उभं, म्हणून एवढा सपोर्ट आणि एवढा वेळ.

"खुंटी काढून टाकू. तिथे नुसतं भोक ठेवू, त्यात एम-थ्री स्क्रू आणि लॉकनट. उंचवटा एकाच बाजूला राहिला की दुसरी बाजू बेडवर सपाट बसेल."

रेवती दोन सेकंद स्क्रीनकडे बघत राहिली. "सपोर्ट शून्य."

"आणि लेयर बोटाच्या लांबीने जातील. मोडणार नाही आता."

इनफिल तसंच ठेवलं, भिंती मात्र दोनच्या चार केल्या, कारण दातांना खरी ताकद तिथूनच मिळते. तरी एक तास दहा मिनिटं. सात वाजायला दहा मिनिटं असताना प्रिंट सुरू झालं आणि पहिल्याच लेयरला कोपरा उचलला गेला. रेवतीने लगेच थांबवलं. आधीच्या प्रिंटच्या वेळी बेडला बोटं लागलेली, त्याचा तेलकटपणा. आयसोप्रोपिलने बेड घासून पुसला, ६० डिग्रीवर पुन्हा तापू दिला, भोवती ब्रिम लावली. सात वाजून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू, आणि यावेळी पहिला लेयर असा चिकटला की दोघींनी एकदमच श्वास सोडला.

मधल्या वेळात रेवतीने रिपोर्टची पानं लावली, जुईने वायर टेप केल्या. साडेसातला जुईचं लक्ष स्पूलकडे गेलं. पांढऱ्या फिलामेंटचे जेमतेम दोन वेढे.

"रेवे, संपतंय."

रेवती उठून धावलीच. पॉज दाबलं, नोझल बाजूला गेलं. राहिलेलं पांढरं बाहेर ओढलं, केशरी घातलं, आणि नोझलमधून पांढरट केशरी लाळेसारखं येत होतं ते स्वच्छ केशरी येईपर्यंत ढकलत राहिली. चिमट्याने ते पुसून रिझ्यूम. जुईने तोवर टेबल घट्ट धरून ठेवलेलं, जरा धक्का लागून बेड हलला तर पुढचे सगळे लेयर सरकले असते.

आठ पंचवीसला प्रिंट संपलं. रेवती पार्ट ओढायला गेली तर जुईने हात धरला. गरम असताना ओढलं तर वाकेल. मग दोघी पुठ्ठ्याने बेडला वारा घालत स्क्रीनवरचा आकडा बघत बसल्या, ५८, ५१, ४४, आणि मग टक्क करून पार्ट आपोआप सुटला. खालून पांढरा, वरून केशरी. ब्रिम ब्लेडने काढली. भोक किंचित घट्ट होतं, रेवतीने ड्रिल बिट हातातच फिरवून मोकळं केलं. स्क्रू आत, लॉकनट घट्ट, दातात दात बसला.

तीन मजले उतरून लॅबपर्यंत धावताना जुईच्या हातात ग्रिपर, रेवतीकडे रिपोर्ट आणि बॅटरी. आत शिरल्या तेव्हा घड्याळात आठ सत्तावन्न.

सरांनी रंग बघून भुवई उंचावली, पण विचारलं काहीच नाही, समोर पाण्याने भरलेली बाटली ठेवली. रेवतीने सर्वो फिरवला. बोटं बंद झाली, बाटली उचलली गेली, दहा सेकंद वर राहिली, आणि खाली ठेवताना पाणीही फारसं हललं नाही.

"हे आडवं प्रिंट केलंय?" सरांनी बोटावरून नख फिरवत विचारलं.

"हो सर," रेवती म्हणाली, "जुईने डिझाइन बदललं, आज सकाळी."

"आणि बाकी सगळं हिने धावपळ करून वेळेत आणलं," जुई म्हणाली. सरांनी रजिस्टर पुढे केलं, दोघींनी एकाखाली एक सह्या ठोकल्या.