नाणं हातात, डबा अज्ञात: प्रायर, पुरावा आणि पोस्टेरिअर

बी.एस्सी. द्वितीय वर्ष, संख्याशास्त्र. तासाला दाखवलेल्या स्लाइड आणि प्रत्येकीखाली वर्गात सांगितलेलं विवेचन.

स्लाइड १: खेळ

- लाल डबा: ४ नाणी, चारही साधी
- निळा डबा: ४ नाणी, २ साधी, २ दुछापी
- फासा टाकला. सम आला तर लाल डबा, विषम आला तर निळा
- त्या डब्यातून न बघता एक नाणं काढलं
- प्रश्न: डबा कोणता? नाणं कसलं?

दुछापी म्हणजे दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं. फासा मी टेबलाखाली टाकलाय, डबाही टेबलाखालीच आहे. नाणं मी उडवणार, ते फिरवून बघायची परवानगी तुम्हाला नाही. दिसेल तो फक्त निकाल, छापा किंवा काटा.

पुस्तकांत अशा वेळी "७० टक्के छापा पडणारं नाणं" असतं. ते मी मुद्दाम घेतलेलं नाही. अँड्र्यू गेलमन आणि डेबोरा नोलन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की हवेत उडवून हातात झेललेलं नाणं एका बाजूला जड करून किंवा वाकवून फारसं पक्षपाती करता येत नाही. टेबलावर भिंगरीसारखं फिरवलं तर गोष्ट वेगळी. म्हणून खोटेपणा करायचाच तर तो धडधडीत करू: दोन्हीकडे छापा. साध्या नाण्याची छाप्याची संभाव्यता १/२ धरतोय. डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असं मांडलं की नाणं सुरुवातीला जी बाजू वर असते त्याच बाजूवर साधारण ५१ टक्के वेळा पडतं. आपल्या गणिताला तेवढा फरक बाधत नाही, पण १/२ हेही एक गृहीतकच आहे हे ध्यानात असू द्या.

स्लाइड २: उडवण्याआधी काय माहीत आहे?

- निळा डबा: १/२
- दुछापी नाणं: १/२ × १/२ = १/४
- साधं नाणं: ३/४

हा प्रायर. पुरावा येण्याआधीचा आपला हिशोब. इथे तो कुणाच्या मनाचा कौल नाही, फाशातून आणि डब्यांतल्या नाण्यांतून सरळ निघालेला आहे. दोन प्रश्न आहेत, डब्याचा आणि नाण्याचा, आणि दोघांचे प्रायर वेगळे आहेत. पुढे सगळा गोंधळ यातूनच होणार आहे, म्हणून वहीत दोन वेगळे रकाने करा.

स्लाइड ३: हाच खेळ ८०० जणांनी खेळला तर

| | खेळणारे | १ छापा | सलग २ छापे |
|---|---|---|---|
| लाल, साधं | ४०० | २०० | १०० |
| निळा, साधं | २०० | १०० | ५० |
| निळा, दुछापी | २०० | २०० | २०० |
| एकूण | ८०० | ५०० | ३५० |

सूत्राआधी हा तक्ता. माझ्या मते बेजचा सिद्धांत ज्यांना "कळत नाही" त्यांतल्या बहुतेकांना फक्त हा तक्ता कुणी काढून दाखवलेला नसतो.

मी नाणं उडवलं, छापा आला. म्हणजे तुम्ही त्या ८०० पैकी कोणीही असू शकता हे आता खोटं झालं. ज्यांना काटा आला ते ३०० जण बाहेर. उरले ५००. त्यांत दुछापीवाले २००, म्हणजे २/५. निळ्या डब्यावाले १०० आणि २०० मिळून ३००, म्हणजे ३/५.

दुछापी १/४ वरून २/५ वर गेलं. निळा १/२ वरून ३/५ वर गेला. ही नवी संख्या म्हणजे पोस्टेरिअर. काहीही जादू झालेली नाही. ज्यांच्याशी पुरावा जुळला नाही त्यांना वगळलं आणि उरलेल्यांत पुन्हा मोजलं, इतकंच.

मधल्या बाकावरून प्रश्न आला: "सर, दुछापी असेल तर छापा नक्की येतो. छापा आला. मग दुछापी असण्याची शक्यता इतकी कमी कशी?" कारण साधी नाणी मुळात तिप्पट आहेत. ६०० साध्यांपैकी निम्म्यांनीही छापा दिला, तरी ते ३०० होतात. "दुछापी असेल तर छापा येण्याची संभाव्यता" १ आहे. "छापा आला असेल तर दुछापी असण्याची संभाव्यता" २/५ आहे. ही दोन वाक्यं ऐकायला जुळी वाटतात. कोर्टात आणि दवाखान्यात माणसं यांचीच अदलाबदल करतात, आणि तिथे नाण्यापेक्षा बरंच काही पणाला लागलेलं असतं.

स्लाइड ४: सूत्र

```
P(D|H) = P(H|D) P(D) / P(H)
       = (1 × 1/4) / (1 × 1/4 + 1/2 × 3/4)
       = (1/4) / (5/8) = 2/5
```

D म्हणजे दुछापी, H म्हणजे छापा. P(H|D) हा लाइकलीहुड: नाणं दुछापी आहे असं मानलं तर समोरचा पुरावा कितपत अपेक्षित होता. खालचा P(H) म्हणजे तक्त्यातली "एकूण"ची ओळ, ५००/८००.

थॉमस बेज हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. १७६१ मध्ये ते वारले आणि त्यांचा निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी पुढे आणला, तो १७६३ चा. त्यांच्या निबंधात टेबलावर टाकलेले चेंडू आहेत, डबा नाही. चिठ्ठ्यांनी भरलेलं, आतलं प्रमाण माहीत नसलेलं भांडं लाप्लासने १७७४ मध्ये आणलं. आपला डबा त्या घराण्यातला.

स्लाइड ५: जलद रीत

- दुछापी : साधं = १ : ३
- प्रत्येक छाप्याला डावी बाजू दुप्पट
- २ : ३, ४ : ३, ८ : ३, १६ : ३, ३२ : ३
- ५ छाप्यांनंतर ३२/३५, सुमारे ०.९१
- १० छाप्यांनंतर १०२४/१०२७, सुमारे ०.९९७

दुप्पट का? छापा येणं दुछापीसाठी १, साध्यासाठी १/२. गुणोत्तर २. प्रायरच्या गुणोत्तराला पुराव्याचं गुणोत्तर गुणायचं, झालं. परीक्षेत हीच रीत वापरा, वेळ वाचतो. पाचही छापे एकदम कळले काय आणि एकेक करून कळले काय, उत्तर तेच येतं.

स्लाइड ६: सापळा

- निळ्या डब्यासाठी एका छाप्याचा लाइकलीहुड: ३/४
- मग दोन छाप्यांचा ३/४ × ३/४ = ९/१६?
- नाही. ५/८

इथे थांबू. ही आजच्या तासातली सर्वांत महत्त्वाची स्लाइड.

तक्त्यात बघा: निळ्या डब्यावाल्या ४०० जणांपैकी सलग दोन छापे मिळालेले ५० आणि २०० मिळून २५०. २५०/४०० म्हणजे ५/८. गुणाकाराने ९/१६ आले असते, म्हणजे २२५ जण. पंचवीस जण कुठून आले?

दोन्ही वेळा नाणं तेच आहे, तिथून. डबा निळा आहे इतकंच माहीत असताना पहिला छापा नाण्याविषयी काहीतरी सांगून जातो, आणि त्यामुळे दुसऱ्या छाप्याची शक्यता वाढते. नाणं कसलं आहे हे ठरलं की मग दोन टॉस स्वतंत्र. डबा ठरला तरी ते स्वतंत्र नाहीत. प्रत्येक वेळी नाणं परत टाकून नवं काढलं असतं तर ९/१६ बरोबर होतं.

चुकीच्या गुणाकाराने निळ्याचा पोस्टेरिअर ९/१३ येतो, बरोबर उत्तर २५०/३५०, म्हणजे ५/७. ०.६९ आणि ०.७१. फरक इतका बारीक की उत्तर बघून संशय येत नाही, म्हणून हा सापळा घातक.

स्लाइड ७: काटा आला!

- दुछापी: ०
- निळा डबा: ?

वर्गातून दोन उत्तरं आली, "शून्य" आणि "अर्धा". दोन्ही चूक. काटा आलेले जण लालमधले २०० आणि निळ्यातले १००. निळा १००/३००, म्हणजे १/३. दुछापी नाणं बाद झालं, निळा डबा बाद झाला नाही. त्यातही साधी नाणी आहेतच, फक्त लालपेक्षा निम्मी.

आता मी हेच नाणं आणखी पन्नास वेळा उडवलं तर डब्याबद्दल काय कळेल? काहीच नाही. नाणं साधं हे नक्की झालंय, आणि साधं नाणं लालमधलं असो की निळ्यातलं, सारखंच पडतं. निळा १/३ वर अडकून बसणार. पुरावा ढिगाने गोळा करता येतो, आणि तरी आपल्या प्रश्नासाठी त्यात एक कणही नसू शकतो.

स्लाइड ८: नवं नाणं, तोच डबा

- साधं नाणं डब्यात परत, ढवळलं, नवं काढलं
- निळ्याचा प्रायर आता १/३
- दुछापी १/६, साधं ५/६
- दोन छापे आले: ४ : ५, दुछापी ४/९
- निळा ५/९

मघाचा पोस्टेरिअर आता प्रायर झाला. शेवटची ओळ अशी: दुछापी असेल तर निळा नक्की, साधं असेल तर निळ्याची शक्यता १/५ (निळा-साधं १/६, भागिले एकूण साधं ५/६). म्हणून ४/९ + ५/९ × १/५ = ५/९. पुन्हा १/२ पासून सुरू करणारा माणूस मघाचा काटा विसरलेला असतो.

स्लाइड ९: फासा नसता तर?

- "सर निळा डबा कशाला आणतील?" निळा १/१०, दुछापी १/२०
- ५ छापे: ३२ : १९, सुमारे ०.६३
- १० छापे: १०२४ : १९, सुमारे ०.९८
- निळा ०? मग हजार छाप्यांनंतरही ०

फासा होता तोवर भांडण नव्हतं. तो काढला की प्रायर कुठून आणायचा, यावर संख्याशास्त्रात जुना आणि खरा वाद आहे, आणि "हवा तो प्रायर घेऊन हवं ते उत्तर काढता येतं" हा आक्षेप निराधार नाही. पाच छाप्यांवर एकजण ०.९१ म्हणतो, दुसरा ०.६३. दहावर ०.९९७ आणि ०.९८. पुरावा थोडा असेल तर प्रायर बोलतो, भरपूर असेल तर त्याचा आवाज दबतो. म्हणून प्रायर लपवू नका, उत्तराबरोबर लिहा.

शून्याचं मात्र औषध नाही. शून्याला कितीही वेळा दुप्पट करा, शून्यच. डेनिस लिंडली यांनी याला क्रॉमवेलचा नियम म्हटलं, कारण १६५० मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलने स्कॉटलंडच्या चर्चला पत्रातून विनवलं होतं की आपण चुकत असू ही शक्यता तरी मनात आणा. तर्काने अशक्य नसलेल्या कशालाही ० देऊ नये, १ ही देऊ नये.

स्लाइड १०: घरी करून आणा

- फासा टाकून डबा निवडला, पहिल्या नाण्याला काटा आला
- ते नाणं परत टाकलं नाही
- त्याच डब्यातून दुसरं काढलं, दोन छापे
- निळ्याचा पोस्टेरिअर किती?

निळ्यात आता तीन नाणी, त्यांतली दोन दुछापी. लालमध्ये तीनही साधी. उत्तर ३/५ यायला हवं. ५/९ आलं तर तुम्ही नाणं डब्यात परत टाकलंय. सूत्राने सोडवा आणि तक्त्यानेही. तक्त्यासाठी ९६० जण घेतले तर अपूर्णांक येत नाहीत.