प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे वळणारी बॅकएंड इंजिनिअर | यूपीआय पेमेंट्स | ‘हातात किती?’ : कांदा उत्पादकांसाठी निव्वळ दराचा हिशोब | पुणे

माझ्याविषयी

चांदवड तालुक्यातल्या शेतकऱ्याला कांदा चांदवडला न्यायचा, लासलगावला की पिंपळगाव बसवंतला, हे गाडी भरण्याआधी ठरवावं लागतं. तिन्ही बाजार समित्यांचे दर आता फोनवर मिळतात. पण तो दर हातात पडत नाही. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन उरतो तो आकडा वेगळाच. माझे काका हा हिशोब सिगारेटच्या पाकिटामागे करायचे. ‘हातात किती?’ तोच हिशोब व्हॉट्सॲपवर करून देतं: माल किती क्विंटल आणि कुठल्या बाजाराचं भाडं किती, एवढं पाठवायचं; तिन्ही ठिकाणी निव्वळ किती मिळतील ते उत्तरात येतं.

कोड मी एकटीने लिहिला, पण मला दाखवायचे आहेत ते त्यातले निर्णय.

जवळपास प्रत्येक शेतकऱ्याने ‘उद्याचा भाव सांगा’ अशी मागणी केली. मॉडेल बांधता आलं असतं, मला त्या कामाची आवडही आहे. तरी अंदाज दिला नाही. ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीसारखा निर्णय एका अधिसूचनेने बाजार फिरवतो आणि मागच्या दरांच्या आलेखात त्याची चाहूल नसते. अंदाज चुकला तर त्याची किंमत शेतकऱ्याने मोजायची, हे मला मान्य नव्हतं.

दुसरा निर्णय जास्तीत जास्त दर न दाखवण्याचा. तो मोजक्या, निवडक मालाला मिळतो, पण डोळ्यांत भरतो तोच. म्हणून हिशोब सर्वसाधारण दरावर होतो आणि शेजारी कमीत कमी दर दिसतो. समजा माल २० क्विंटल आहे. एकीकडे दर १,४०० रुपये, दुसरीकडे १,४५०. वरकरणी हजार रुपयांचा फायदा. लांबच्या बाजाराचं भाडं १,२०० रुपयांनी जास्त असेल, तर प्रत्यक्षात दोनशेचा तोटा. हे एका ओळीत कळलं पाहिजे, बाकीचं सगळं मी काढून टाकलं.

यशाचं माप ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. किती मेसेज आले हे मोजणं सोपं होतं, पण त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. आता लिलावानंतर हिशोबपट्टीचा फोटो मागते आणि माझा आकडा व पट्टीवरचा आकडा यांतला फरक मोजते. फरक वाढला की आधी तो बाजार तपासायचा, नवं काही बांधायला घ्यायचं नाही.

नोकरीत मी दुकानदारांच्या यूपीआय पेमेंट्सची बॅकएंड यंत्रणा सांभाळते. व्यवहार मध्येच अडकला की लोक घाबरून पुन्हा पैसे पाठवतात. दुबार नोंद रोखणं हे माझं ठरलेलं काम होतं, ते केलं. त्यानंतर सपोर्टकडे आलेल्या तक्रारी स्वतः वाचायला बसले. लोक विचारत होते, ‘पैसे परत कधी येणार?’ आमच्या स्क्रीनवर फक्त ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं लिहिलेलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, पैसे कापले गेले पण दुकानदाराला पेमेंटची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत व्हायला हवी. मी त्या मुदतीची नेमकी तारीख आणि ‘तोवर पुन्हा पैसे पाठवू नका’ ही सूचना स्क्रीनवर टाकण्याचा प्रस्ताव लिहिला. डिझाइन, कायदा आणि सपोर्ट या तिन्ही टीमशी बोलून तो मंजूर करून घेतला. कायदा विभागाची भीती रास्त होती: तारीख म्हणजे आश्वासन. म्हणून ‘या तारखेपर्यंत’ असे शब्द ठरले आणि तारीख उलटली तर तक्रार नोंदवायचं बटण तिथेच आलं.

आमच्या सोसायटीला पाण्याच्या टँकरच्या नोंदीसाठी ॲप हवं होतं. वॉचमनकाका वही नीट लिहितात आणि कमिटीला फक्त महिन्याच्या बिलाशी ताळा हवा असतो, हे बघून मी ॲप न करण्याचा सल्ला दिला. वहीच्या पानाचा फोटो आणि एक शीट, यावर काम छान चाललं आहे.

किंमत ठरवणं आणि नफ्यातोट्याची जबाबदारी मी अजून पेललेली नाही. ती जवळून शिकता येईल अशा टीममध्ये असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर किंवा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम शोधते आहे. पेमेंट्स, शेतमाल, किंवा मराठीतून फोन वापरणाऱ्यांसाठीचं कुठलंही उत्पादन चालेल. पुणे किंवा मुंबई. घरून कामाचीही तयारी आहे.

‘हातात किती?’ची निर्णयवही मी पहिल्यापासून लिहीत आले आहे: पर्याय कोणते होते, काय सोडलं, का सोडलं आणि कशामुळे मत बदलेन. भेटण्याआधी वाचायची असेल तर इथेच मेसेज करा, पाठवते.