ऊस वाकडा, रस सरळ : चोखोबांचा एक अभंग

नववी-दहावीच्या मुलामुलींनो, आज आपण चार कडव्यांचा एक अभंग वाचणार आहोत. तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असेल. तो लिहिणारे संत चोखामेळा चौदाव्या शतकात, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा येथे राहत होते. महार समाजात जन्म झाल्यामुळे त्यांना पंढरपूरच्या मंदिरात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. ही एवढी गोष्ट मनात ठेवून वाचा, कारण शेवटचे कडवे तिच्याशिवाय उलगडत नाही.

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥१॥

आधी शब्द पाहू. उपाहारगृहात भाजी वाढायचे भांडे असते, तो डोंगा इथे नाही. इथे डोंगा म्हणजे वाकडा, वेडावाकडा. 'नोहे' म्हणजे नव्हे आणि 'वरलिया रंगा' म्हणजे वरवरच्या रूपाला. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो, मग वरच्या रूपाला काय भुललास, असे चोखोबा विचारतात. स्टेशनबाहेरच्या रसवंतीवर उभे राहिलात की हे डोळ्यांनी दिसते: वाकडे कांडे आणि सरळ कांडे एकाच चरकातून जातात आणि खाली पातेल्यात पडणाऱ्या रसातून कोणता कोणाचा हे रसवाल्यालाही सांगता येत नाही. उसाचे वाकडेपण हा निव्वळ योगायोग असतो; वाऱ्याने तो आडवा पडला आणि पुन्हा वर उठला की वाकतो.

कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥२॥

कमान म्हणजे धनुष्य आणि तीर म्हणजे बाण. पुष्कळजण या कडव्याचा अर्थ पहिल्यासारखाच सांगून पुढे सरकतात. मला मात्र इथे थांबावेसे वाटते. ऊस सरळ असता तरी रस तेवढाच गोड लागला असता, परंतु धनुष्याचे तसे नाही, कारण दोरी ओढल्यावर जे धनुष्य वाकत नाही त्याच्यातून बाण सुटतच नाही. धनुष्याच्या वाकण्यात साठलेली शक्ती बाणाला मिळते, तेव्हाच तो सरळ जातो. म्हणजे ज्याला आपण बाहेरून दोष म्हणतो, तेच कधीकधी त्या वस्तूचे सामर्थ्य असते, आणि चोखोबांनी हा दुसरा दाखला पहिल्याच्या एक पायरी वर ठेवला आहे.

नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें ।
काय भुललासी वरलियां रंगें ॥३॥

नदी वळणे घेते ती स्वतःच्या हौसेने नव्हे. जमिनीचा उतार जिकडे आणि वाटेतला खडक जसा, तशी ती वळते. तिच्या वाकडेपणाला भोवतालची जमीन कारणीभूत असते. पाणी मात्र पाणीच राहते. वैतरणा, तानसा आणि भातसा या नद्या डोंगरांतून वळणे घेत येतात, त्यांच्यावरच्या धरणांतले पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईत पोहोचते, आणि सकाळी नळाखाली धरलेल्या पेल्यात नदीचे एकही वळण उतरलेले नसते.

याच पाण्यावरून आमच्या वर्गात घडलेला एक प्रसंग इथे सांगतो. 'मुंबईचे पाणी कुठून येते' या विषयावर मुलांना एक ध्वनिचित्रफीत तयार करायची होती. वरळी कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मुलीने धरणांची सगळी माहिती जमवली, नकाशा काढला आणि निवेदनही स्वतःच लिहिले. नमुना म्हणून तिने व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या आवाजातला मजकूर पाठवला. तिच्या घरच्या बोलीत 'ण' नाही, त्यामुळे 'पाणी' हा शब्द प्रत्येक वेळी 'पानी' असा आला. दहा मिनिटांत कोणीतरी 'पानी पानी' असे लिहिलेले स्टिकर केले, त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि भातसाबद्दल तिने काय सांगितले हे कोणी ऐकलेच नाही. त्यानंतर निवेदन स्वच्छ उच्चाराच्या दुसऱ्या मुलाला देण्यात आले. तो निर्णय माझाच होता, हेही सांगितले पाहिजे. गंमत अशी की कोळ्यांची वस्ती या बेटांवर इंग्रजांच्या कितीतरी आधीपासूनची, म्हणजे ज्या शहराच्या पाण्याची गोष्ट आम्ही सांगत होतो, त्या शहराची सर्वांत जुनी मराठी आम्हांला अशुद्ध वाटली. उच्चार हा वरलिया रंग होता आणि माहिती हा रस होता. आम्ही सगळे, माझ्यासकट, रंगालाच भुललो.

चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥४॥

आता कवी स्वतःच दाखला होतो: चोखा वाकडा असेल, पण त्याचा भाव, म्हणजे मनातली भक्ती, वाकडी नाही. इथे एक चूक नेहमी होते. हे कडवे म्हणजे चोखोबांनी नम्रपणे दिलेली कबुली आहे असे समजले जाते. मला ते पटत नाही. ऊस, धनुष्य आणि नदी यांचे वाकडेपण डोळ्यांना दिसते; चोखोबांचे वाकडेपण कोणाला दिसत होते? ते त्यांच्या अंगावर नव्हते, तर लोकांनी त्यांच्या जातीला लावलेल्या नावात होते. लोकांनी फेकलेला शब्द ते उचलतात, 'बरे, डोंगा तर डोंगा' असे म्हणतात आणि लगेच तोच प्रश्न विचारतात. चारही कडव्यांत हा प्रश्न 'तू'ला आहे. चौथ्यांदा तो येतो तेव्हा दाराशी अडवणाऱ्यालाच उत्तर द्यायची पाळी येते.

मंगळवेढ्यात कुसवाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि 1338 साली चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या अशी परंपरा आहे, आणि त्यांची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे मृत्यूनंतरही दाराबाहेरच. ते दार दलितांसाठी उघडले 1947 साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. मधे सहाशे नऊ वर्षे गेली.

हा अभंग मी वर्गात शिकवला तेव्हा एकेकाला एकेक कडवे वाचायला दिले होते. संपूर्ण अभंगात 'ण' हे अक्षर एकदाही येत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. तिसरे कडवे नेमके त्या मुलीच्या वाट्याला गेले. तिने संथपणे वाचले, 'नदी डोंगी परी जल नोहे डोंगें'. 'जळ' असे सुधारून सांगण्यासाठी मी तोंड उघडले, आणि पुढची ओळ तिच्या तोंडून ऐकून मिटले.