कारवीचा फोटो स्मरणिकेत छापण्याबद्दल

मृणालताई, सप्रेम नमस्कार.

अकोले तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा 50 वर्षं होताहेत. स्मरणिकेत कारवीवर लेख आहे: सात वर्षांनी येणारा फुलोरा आणि कारवीच्या कुडाची घरं. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरचा, जांभळ्या उतारावर धुकं उतरलेला तुमचा फोटो त्यासोबत छापायची परवानगी हवी आहे.

प्रती 400, विनामूल्य वाटप, जाहिराती नाहीत. फोटो आतल्या पानावर, रंगीत, अर्धं पान; मुखपृष्ठावर नाही. काटछाट किंवा रंगबदल करणार नाही. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा आग्रह काहींचा आहे, पण तुम्ही वेगळा होकार दिलात तरच. इंटरनेटवरून फोटो उचलून मोकळं होणं सोपं होतं, ते आम्हाला पटलं नाही.

फोटोखाली अशी ओळ देऊ:
छायाचित्र : © मृणाल देसाई. पूर्वपरवानगीने प्रसिद्ध.

नाव वेगळं हवं असल्यास सांगा. मानधन असल्यास तेही मोकळेपणानं कळवा. बजेट तुटपुंजं आहे, तरी विचार करू.

अंक 20 तारखेला छपाईला जाईल. तोवर उत्तर आलं नाही तर फोटो वापरणार नाही. होकार असल्यास मोठ्या आकाराची मूळ फाइल पाठवाल का? अंकाच्या दोन प्रती घरपोच करू.

आपली,
वैशाली
स्मरणिका समिती