मेडिसिन वॉर्डातल्या सिस्टर, ब्रदर, रेसिडेंट, इंटर्न, मामा आणि मावशींना

मंडळी,

उद्या ३१ मे. संध्याकाळी पाच वाजता माझी नोकरी संपते. शाल, श्रीफळ, भाषणं काल हॉलमध्ये उरकली. तुमच्यापैकी निम्मे ड्युटीवर होते आणि आलेल्या सिस्टर ओव्हरची वेळ झाली म्हणून माझं भाषण चालू असतानाच निघून गेल्या. बरोबर केलंत. म्हणून जे बोलायचं होतं ते इथे लिहितोय.

२००३ च्या जुलैमध्ये मी इथे लेक्चरर म्हणून रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात घाटाखालून साप चावलेला एक शेतकरी आला. काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. वीस मिनिटं हलवायचं नाही हे मला पाठ होतं, पण नातेवाईक डोक्यावर उभे होते. बाराव्या मिनिटाला मी ट्यूब तिरकी केली. रक्त पातळच. "दहा व्हायल सुरू करा," म्हणालो. तेव्हाच्या नाईटच्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, वीस मिनिटं झाली नाहीत. आणि ही ट्यूब साबणाने धुतलेली आहे." सगळ्यांसमोर मी ओरडलो, "मला शिकवू नका!"

त्या काही बोलल्या नाहीत. कोरी ट्यूब काढली, दोन एमएल रक्त घेतलं, ट्यूब खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली आणि वेळ तळहातावर पेनने लिहिली. वीस मिनिटांनी ट्यूब उलटी केली तर गुठळी जागची हलली नाही. विष भिनलंच नव्हतं. चोवीस तास नजरेखाली ठेवून, चाचणी पुन्हा पुन्हा करून आम्ही त्याला घरी सोडलं. पुढे चार वर्षांनी त्या सिस्टर रिटायर झाल्या. तोवर रोज त्यांच्या हातचा चहा प्यायलो, पण माफी मागितली नाही. ती राहिली ती राहिलीच.

त्यानंतर मी ओरडायचं सोडलं असं कोणी म्हणणार नाही. हाक मारली की ऐकायचं, एवढं मात्र शिकलो. मण्यारीची ती एकोणीस वर्षांची मुलगी आठवते ना? पोटात दुखतंय म्हणून आलेली, अंगावर चाव्याची खूण नाही, रात्री जमिनीवर झोपलेली. पहाटे साडेतीनला सरांना उठवायचं कसं म्हणून इंटर्न घुटमळत होता. सिस्टरनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि मला म्हणाल्या, "ती झोप आली म्हणते, पण मला ही झोप वाटत नाही. पापण्या वर जातच नाहीयेत." मी पोहोचेपर्यंत रेसिडेंटने ट्यूब टाकली होती. दोन्ही व्हेंटिलेटर अडकलेले. दुपारपर्यंत मामा, दोन इंटर्न आणि एक मावशी पाळीपाळीने अंबू बॅग दाबत होते. आठव्या दिवशी ती चालत घरी गेली. पेपरात बातमी आली तेव्हा फोटो माझा छापला. तो मी अजून कापून ठेवलेला नाही.

इंटर्न आणि रेसिडेंट मंडळींनो, सिस्टर दहा व्हायल तळव्यांत धरून हलकेच फिरवतात ते एकदा बघा. खळाखळा हलवलं तर फेस होतो. हे तुमच्या पुस्तकात असेल, पण तुम्ही ते वाचलेलं नाही हे मला राउंडला कळतं. इंजेक्शन सुरू करण्याआधी ॲड्रेनलिन भरून उशाशी ठेवायचं, हेही त्यांनाच विचारा.

सिस्टर, साठ पेशंटला दोघीजणी हे गणित मला सोडवता आलं नाही. पदं भरा म्हणून केलेल्या पत्रांच्या प्रती निळ्या फाइलमध्ये लावून नव्या विभागप्रमुखांच्या हातात दिल्यात, तोंडीही सांगितलंय. माझं वजन कमी पडलं. त्याचा भार तुमच्या कमरेवर आणि पायांवर आला, याचं वाईट वाटतं.

नवे सर शांत स्वभावाचे आहेत. पण शांत माणसाचीही रात्री झोपमोड झाली की चिडचिड होते. तरी फोन करा. शंका खोटी निघाली तरी करा. मला तुमचे असे फोन ढिगाने आले, त्यातला एकही फुकट गेला असं मला आज वाटत नाही.

पाऊस तोंडावर आहे. सापाच्या इंजेक्शनचा इंडेंट गेल्या आठवड्यात पाठवलाय, स्टोअरमध्ये रोज विचारत राहा. कोऱ्या काचेच्या ट्यूबांचे दोन खोके इनचार्ज सिस्टरांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहेत. त्यावर 'धुऊन वापरू नये' असं मी लाल शाईने लिहिलंय. अक्षर लागत नसेल तर फार्मसीतल्या कोणालाही विचारा, त्यांना सवय आहे.

पेन्शनच्या कागदांसाठी मला अजून चार-पाच फेऱ्या मारायच्या आहेत. दुपारचा ओव्हर झाला की वॉर्डात डोकावेन. चहात साखर नको, शुगर वाढलीय. रिपोर्ट तुम्हीच पाहिलाय.

तुमचा,
मेडिसिन विभागप्रमुख (उद्या पाचपर्यंत)